समीकरण संतुलित करणे (तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल)

रासायनिक समीकरण संतुलित करणं, म्हणजे बोलीत बॅलन्स करणं, यात बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे आणायचे असतात, आणि ते फक्त सूत्राच्या पुढे आकडा लावून. या आकड्याला सहगुणक म्हणतात. सूत्राच्या पोटातला छोटा आकडा (पादांक) बदलला की पदार्थच बदलतो, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही. इथे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकाच्या पानाच्या स्क्रीनशॉटमध्ये हमखास दिसणारं एक समीकरण घेतलंय, कारण ते नुसतं अंदाजाने सोडवायला गेलं की हटकून अडतं:

```
Cu + HNO₃ → Cu(NO₃)₂ + NO + H₂O
```

बहुतेक जण आधी नायट्रोजन मोजतात. उजवीकडे कंसाबाहेरच्या 2 मुळे दोन आणि NO मधला एक असे तीन, मग डावीकडे 3HNO₃ लावलं. आता हायड्रोजन तीन झाले म्हणून पाणी दीड घ्यावं लागतं, आणि ऑक्सिजन मोजला तर डावीकडे 9, उजवीकडे 6 + 1 + 1.5 म्हणजे साडेआठ. इथून पुढे कितीही आकडे फिरवले तरी एक बसवला की दुसरा सुटतो. कारण असं की नायट्रिक आम्ल इथे दोन वेगळी कामं करतंय, आणि आपण त्याला एकाच कामाचं धरून मोजतोय.

म्हणून सुरुवात इलेक्ट्रॉनपासून करायची. तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक 0 वरून +2 ला जातो, म्हणजे एक अणू 2 इलेक्ट्रॉन देतो. नायट्रोजन आम्लात +5 असतो आणि NO मध्ये +2, म्हणजे एक अणू 3 घेतो. दिलेले आणि घेतलेले सारखे व्हायला पाहिजेत, 2 आणि 3 चा लसावि 6, तर तांब्याचे 3 अणू आणि NO चे 2 रेणू. तांब्याचा 3 आणि NO चा 2 इथून आले, आणि तांबं तीन म्हटल्यावर Cu(NO₃)₂ पण तीनच.

आता आम्ल. 2 रेणूंचा नायट्रोजन NO झाला. पण तीन Cu(NO₃)₂ मध्ये सहा नायट्रेट बसलेत, तेही आम्लातूनच आलेत, फक्त त्यांचा नायट्रोजन +5 चा +5 च राहिलाय. म्हणून 2 + 6 = 8. आठपैकी सहा रेणू इलेक्ट्रॉन न घेता नुसते तांब्याला जोडीदार पुरवतात, आणि सगळा गोंधळ होतो तो या सहांमुळेच. 8 हायड्रोजन म्हणजे 4 पाणी.

```
3Cu + 8HNO₃ → 3Cu(NO₃)₂ + 2NO + 4H₂O
```

ऑक्सिजन आपण कुठेच वापरला नाही, त्यामुळे पडताळा त्याच्यावरच घ्यायचा: डावीकडे 24, उजवीकडे 18 + 2 + 4 = 24.

स्क्रीनशॉटचा खरा धोका वेगळाच आहे. फोटो अस्पष्ट असला की NO ला पादांक 2 आहे की नाही तेच कळत नाही. तो NO₂ असेल तर नायट्रोजन फक्त 1 इलेक्ट्रॉन घेतो आणि समीकरण साफ वेगळं होतं: Cu + 4HNO₃ → Cu(NO₃)₂ + 2NO₂ + 2H₂O. दोन्ही संतुलित आहेत आणि दोन्ही खरी आहेत, पहिलं विरल आम्लाचं आणि दुसरं संहत आम्लाचं, त्यामुळे आधी बाणाजवळ किंवा वरच्या ओळीत 'विरल' की 'संहत' लिहिलंय ते शोधायचं. मजकुरात तपकिरी वायू म्हटलं असेल तर तो NO₂. NO ला स्वतःला रंग नसतो, पण हवा लागली की त्याचाही तपकिरी NO₂ होतो, म्हणून एकट्या रंगावर जाऊ नये.

त्याहून फसवी चूक म्हणजे कंसाबाहेरचा 2 कापला जाणं. मग CuNO₃ वाचलं जातं, आणि 3Cu + 4HNO₃ → 3CuNO₃ + NO + 2H₂O असं समीकरण चक्क जुळतं, ऑक्सिजनसकट, 12 ला 12! अणू मोजून ही चूक कधीच सापडणार नाही. ती सापडते प्रभारावरून: नायट्रेटचा प्रभार −1, या अभिक्रियेत तयार होणाऱ्या निळ्या द्रावणातलं तांबं +2, म्हणून एका तांब्याला दोन नायट्रेट लागतातच.

पुस्तकात उजवीकडे NO आणि NO₂ दोन्ही एकत्र लिहिले असतील तर मात्र एकच एक उत्तर निघत नाही, कारण वरची दोन समीकरणं कुठल्याही प्रमाणात मिसळली तरी बेरीज संतुलितच राहते. अशा वेळी दोन वायूंचं प्रमाण प्रश्नात दिलेलं असावं लागतं.