बँक खात्याचा घरगुती ताळमेळ (एक्सेल तक्ता)

बँकेच्या मासिक खातेउताऱ्यातील प्रत्येक रक्कम स्वतः टिपलेल्या खर्चाशी जुळते की नाही, हे तपासण्यासाठी एक्सेलमध्ये केलेला दोन पानांचा तक्ता. वाणिज्य शाखेत शिकवले जाणारे बँक जुळवणी पत्रक याच जातीचे; मात्र तेथे दोन शिलकांमधील फरकाचा खुलासा करायचा असतो, तर येथे एकेक नोंद समोरासमोर आणली जाते.

पहिल्या पानाला `Bank` आणि दुसऱ्याला `Kharch` असे नाव दिल्यास सूत्रे लिहिणे सोपे जाते. दोन्ही पानांवर A स्तंभात तारीख, B मध्ये तपशील आणि C मध्ये रक्कम येते. `Bank` वर फक्त खात्यातून गेलेल्या रकमा घ्याव्यात. त्यापूर्वी आरंभीची शिलक अधिक जमा वजा नावे बरोबर अखेरची शिलक येते का, हे पाहणे आवश्यक असते, कारण पीडीएफमधून उतारा चिकटवताना पान बदलते तेथील ओळ गळण्याचा संभव असतो. रोखीचा खर्च `Kharch` वर लिहू नये. एटीएममधून काढलेले दोन हजार ही बँकेच्या दृष्टीने एकच नोंद असते आणि पुढे त्यातून घेतलेल्या भाजीशी तिचा संबंध नसतो.

तारखांचा घोळ मात्र बहुतेकांना पहिल्याच दिवशी भेटतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 03/07 ही तारीख 7 मार्च म्हणून वाचली जाते, आणि महिन्याच्या 13 तारखेपासून पुढच्या तारखा तारीख न राहता नुसता मजकूर होतात. बारापर्यंतच्या तारखा चौकटीत उजवीकडे आणि त्यापुढच्या डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हाच दोष समजावा. A स्तंभाची मांडणी आधी `Text` करून तारखा पुन्हा चिकटवल्या आणि मग `Text to Columns` मध्ये `DMY` निवडले की तो दूर होतो. डावीकडे सरकलेल्या रकमांमध्येही बहुधा न दिसणारी मोकळी जागा दडलेली असते आणि बेरजेत त्या धरल्या जात नाहीत.

निव्वळ रकमेवरून जुळवणी केली तर एकाच महिन्यात तीनदा गेलेले 250 रुपये एकाच नोंदीला जाऊन चिकटतात. म्हणून दोन्ही पाने तारखेच्या चढत्या क्रमाने लावून, रक्कम आणि ती कितव्यांदा आली तो क्रमांक यांची एक खूण D स्तंभात तयार करतात:

```
=TEXT(C2,"0.00")&"|"&COUNTIF(C$2:C2,C2)
```

ही खूण दुसऱ्या पानावर शोधून `Bank` च्या E स्तंभात दोन तारखांमधील दिवसांचा फरक काढला जातो:

```
=IFERROR(A2-INDEX(Kharch!A:A,MATCH(D2,Kharch!D:D,0)),"नोंद नाही")
```

`Kharch` च्या E स्तंभात उलट शोध घेतला जातो:

```
=IF(ISNUMBER(MATCH(D2,Bank!D:D,0)),"","बँकेत नाही")
```

या रचनेला एक मर्यादा आहे, आणि ती न ओळखल्यास तक्ता चुकीच्या नोंदीकडे बोट दाखवतो. समजा, 250 रुपये 3, 14 आणि 27 जुलैला खात्यातून गेले, पण 14 तारखेचे टिपायचे राहिले. बँकेची दुसरी नोंद मग 27 च्या टिपणाशी जुळते आणि ‘नोंद नाही’ हा शेरा 27 जुलैपुढे येतो. किती नोंदी राहिल्या हे बरोबर निघते. कोणती राहिली, हे नाही. खरा पुरावा 14 जुलैच्या ओळीत, उणे 13 या फरकात असतो. बँकेत रक्कम टिपणानंतर वठणे स्वाभाविक असते आणि दुसऱ्या दिवशी टिपण लिहिले तर उणे एकही चालतो, पण तेरा दिवस आधी वठलेल्या रकमेची जोडी चुकीचीच मानावी.

शेवटी उरलेल्या नोंदींवरून बेरीज पडताळली जाते. त्याच जुलैत टिपणांची बेरीज 31,640 आणि बँकेतील नावे रक्कम 29,507.70 आहे असे धरू. सोसायटीला 29 जुलैला दिलेला 2,400 रुपयांचा धनादेश अजून वठलेला नाही. शिवाय विसरलेले 250 आणि एसएमएस सेवेचे 15 रुपये व त्यावरील 18 टक्के जीएसटी मिळून 17.70 बँकेने वळते केले आहेत. 31,640 मधून 2,400 वजा करून 250 आणि 17.70 मिळवले की बँकेचा आकडा पैशापर्यंत येतो. धनादेशाची ओळ मूळ तारखेसह ऑगस्टच्या `Kharch` पानाच्या माथ्यावर नेली जाते. बेरीज तरीही जुळली नाही आणि उरलेल्या फरकाला नऊने भाग गेला, तर 540 ऐवजी 450 लिहिल्यासारखी अंकांची अदलाबदल आधी शोधावी. अशी रक्कम दोन्ही पानांवर एकेकटी राहिलेली सापडते: एकीकडे ‘नोंद नाही’, दुसरीकडे ‘बँकेत नाही’, आणि तारीख बहुधा एकच.