रोजची प्रोग्रेस नोट आणि डिस्चार्ज समरीतला ‘कोर्स इन वॉर्ड’

निवासी डॉक्टर समरी लिहायला बसतात तेव्हा केसपेपरमधल्या रोजच्या नोंदी तारखेनुसार एकाखाली एक उतरवतात आणि त्यालाच ‘कोर्स इन वॉर्ड’ म्हणतात. दोन्हींत माहिती तीच असल्याने ही गल्लत सहज होते. वास्तविक प्रोग्रेस नोट लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसते आणि ती वाचणारा वॉर्डातलाच दुसरा डॉक्टर असतो. समरी मात्र शेवट कळल्यावर लिहिली जाते आणि ती वाचणाऱ्या गावच्या डॉक्टरांनी या रुग्णाचा एकही दिवस पाहिलेला नसतो.

कोकणातल्या पावसाळ्यात नेहमी दिसणारे एक कल्पित उदाहरण घेऊ. भातलावणी करणारा, मधुमेह असलेला 48 वर्षांचा शेतकरी 9 जुलैला तापाने आजारी पडतो आणि 12 जुलैला भरती होतो. भरतीच्या नोंदीत ‘ताप, प्लेटलेट 58,000, डेंग्यू?’ असे लिहिलेले असते. त्याच दिवशीची डेंग्यूची एनएस-1 आणि लेप्टोस्पायराची आयजीएम या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह येतात. पुढे क्रिएटिनिन 2.6 वरून 3.4 वर चढते, डोळे लाल आणि पिवळसर दिसू लागतात, म्हणून 14 तारखेला लेप्टोच्या संशयावरून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू होते. 17 तारखेला पुन्हा घेतलेल्या नमुन्यात आयजीएम पॉझिटिव्ह येते आणि 19 तारखेला रुग्ण घरी जातो.

या रुग्णाच्या नोंदी नुसत्या उतरवल्या तर निदानाच्या रकान्यात ‘डेंग्यू?’ तसेच राहण्याची दाट शक्यता असते, कारण आदल्या दिवशीच्या नोंदीचा मथळा पुढच्या दिवशी जसाच्या तसा येत राहतो आणि प्रश्नचिन्ह खोडण्याचे काम कोणालाच आपले वाटत नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘दिवस’. नोंदीतला ‘डे 1’ हा भरतीचा पहिला दिवस असतो, पण आजाराचा तो चौथा दिवस होता. लेप्टोची आयजीएम साधारणपणे आजाराच्या पाचव्या ते सातव्या दिवसापासून सापडू लागते, त्यामुळे पहिल्या निगेटिव्ह अहवालाने आजार नाकारला जात नाही. दुसरा नमुना नवव्या दिवसाचा होता. समरीत दोन्ही अहवाल लिहावेत आणि प्रत्येकासमोर नमुना घेतल्याची तारीख आणि आजाराचा दिवस द्यावा. अहवाल छापल्याची तारीख येथे निरुपयोगी आहे. पहिला अहवाल 14 तारखेला हाती आला, म्हणून तो 14 तारखेचा मानला तर तो सहाव्या दिवसाचा ठरतो आणि उगाच अधिक वजनदार वाटतो.

प्लेटलेटचे रोजचे आकडे नोंदीत हवेतच, कारण पुढचा निर्णय त्यांवर ठरत असतो. समरीत भरतीचा, सर्वांत खालचा आणि घरी जातानाचा असे तीन आकडे पुरतात. क्रिएटिनिनलाही हाच न्याय लावावा: 2.6, 3.4 आणि 1.4.

नोंदींचे आपसांत पटले नाही तर मूळ कागद पाहावा. 16 तारखेची नोंद ‘ताप नाही’ म्हणते, पण परिचारिकेच्या टीपीआर चार्टवर रात्री दोन वाजता 101 अंश फॅरनहाइट लिहिलेले आहे. सकाळच्या फेरीत ताप नव्हता, एवढाच त्या नोंदीचा अर्थ; ताप शेवटचा कधी आला हे चार्टवरूनच ठरवावे.

औषधांच्या बाबतीत ही गल्लत सर्वांत महागात पडते. ड्रग चार्टवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 14 ते 18 जुलै, म्हणजे पाच दिवस दिसते. सात दिवसांचा कोर्स पुरा करायला 19 आणि 20 तारखेला डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यायचे आहे. समरीत नुसते ‘डॉक्सिसायक्लिन चालू ठेवावे’ असे लिहिले तर कधीपर्यंत, हे गावच्या डॉक्टरांनी ओळखायचे कसे?

घरचे मेटफॉर्मिन तर ड्रग चार्टवर कुठेच नसते. भरतीच्या नोंदीत ‘रोज मेटफॉर्मिन 500 दोनदा’ असे आहे, क्रिएटिनिन वाढल्याने ते पहिल्याच दिवशी बंद केले गेले आणि वॉर्डात साखर इन्शुलिनवर सांभाळली. ड्रग चार्टवरून तयार केलेल्या यादीत म्हणूनच मेटफॉर्मिनचा उल्लेख येत नाही, पण रुग्णाच्या घरी अर्धी स्ट्रिप शिल्लक असतेच. येथे तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात: गोळी का थांबवली, ती पुन्हा कधी सुरू करायची आणि तोवर साखरेसाठी काय घ्यायचे. या रुग्णाच्या समरीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून असे लिहिता येईल: ‘मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याने मेटफॉर्मिन 12 जुलैपासून बंद. 26 जुलैला क्रिएटिनिन तपासून पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घ्यावा. तोपर्यंत सोबत लिहून दिलेल्या मात्रेत इन्शुलिन. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके देऊ नयेत.’