गोव्यातला फ्लॅट भाड्याने, मालक परदेशात: घोडं टॅनपाशी अडतं

फ्लॅट पर्वरीत, मालक दुबईत, भाडेकरू आयटीतला मुलगा, आणि बघायला म्हापशातला मेहुणा. असं चित्र आपल्याकडे घरोघरी आहे. भाडं खात्यात येतंय, मग कागदांची काय गरज, असं बहुतेकांना वाटतं. दोन वर्षांनी भाडेकरूला प्राप्तिकर खात्याची नोटीस येते, तो मेहुण्याकडे धावतो आणि मेहुण्याला दुबईला फोन लावण्याशिवाय काही सुचत नाही.

आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदलले. सीएंच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

सर्वात मोठी गफलत पन्नास हजारांची. महिना ५०,००० पर्यंत भाडं असेल तर टीडीएस नाही, हे भाडेकरूने कुठेतरी वाचलेलं असतं. ते बरोबर आहे, पण फक्त मालक भारतात राहणारा असेल तर. मालक अनिवासी असेल तर कलम १९५ लागतं, आणि तिथे कसलीही किमान मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापायचे. भाडेकरूने पॅनवर निवासी मालकासाठीचा फॉर्म २६क्यूसी भरून २ टक्के भरले, तरी ते चुकीच्या खिडकीत भरल्यासारखंच. न कापल्याचा भुर्दंड कायद्याने भाडेकरूवर येतो, व्याजासकट. म्हणून करार करतानाच ‘मी अनिवासी आहे’ हे लिहून द्या. लपवलंत तर अडकणार तो परका मुलगा.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: भाडेकरूचा टॅन. पॅन नव्हे, टॅन, म्हणजे कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक. नोकरदार माणसाला तो कधी लागलेलाच नसतो. फॉर्म ४९बी ऑनलाइन भरून मिळतो, किचकट नाही. पण ‘घर भाड्याने घेतोय की कंपनी काढतोय?’ असं विचारून अर्धे भाडेकरू पळतात. तो अर्ज तुम्हीच करवून घ्या, शुल्कही तुम्हीच द्या. त्याला पुढे दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मागच्या महिन्याची कापणी भरायची आहे (मार्चची ३० एप्रिलपर्यंत) आणि दर तिमाहीला २७क्यू विवरण. हे काम सीएकडे द्या, फी तुमची. भाडेकरूवर टाकलेलं काम होत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वाद घालत नाही.

पर्वरीच्या फ्लॅटचा हिशेब बघा. भाडं ३०,००० रुपये. कापणी ९,३६०, मालकाच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात, २०,६४०. वर्षाची कापणी १,१२,३२०. प्रत्यक्षात कर किती लागतो? वर्षाचं भाडं ३,६०,०००, त्यातून भरलेली घरपट्टी ४,००० वजा, उरलेल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट. करपात्र २,४९,२०० राहतात. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य! सगळे एक लाख बारा हजार परताव्याची वाट बघत पडून.

यावर उपाय आहे: कमी किंवा शून्य कापणीचं प्रमाणपत्र. प्राप्तिकर खात्याच्या ट्रेसेस या टीडीएस पोर्टलवर मालकाने फॉर्म १३ भरायचा. अर्ज परत येतात ते नेहमीच्याच कारणांनी. भाडेकरूचा टॅन दिलेला नसतो, किंवा त्या जागी पॅन टाकलेला असतो. मागच्या चार वर्षांची विवरणपत्रं मागतात, ती भरलेलीच नसतात. आणि सर्वात चिडवणारं कारण: प्राप्तिकर पोर्टलवर मालक अजून ‘निवासी’ दिसतो, कारण दहा वर्षांपूर्वी गेल्यावर स्थिती बदलायचं कुणी सांगितलंच नाही. पर्वरीच्या मालकाचं हेच झालं. करार एप्रिलचा, प्रमाणपत्र ऑक्टोबरमध्ये. ते मागे जाऊन लागू होत नाही, त्यामुळे सहा महिन्यांचे ५६,१६० कापले गेलेच. ते मिळतील, पण विवरणपत्र भरल्यावर. प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरतं आणि त्याच टॅनपुरतं असतं. भाडेकरू बदलला की नवा अर्ज.

गोवेकर नवरा-बायकोंना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण मुंबईचे सीए ती विसरतात. पोर्तुगीज नागरी संहितेखालच्या दांपत्याचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न कलम ५ए प्रमाणे निम्मं-निम्मं धरलं जातं. भाडं एकट्याच्या खात्यात आलं तरी दोघांना विवरणपत्र भरायचं आणि टीडीएसची वाटणी शेड्यूल ५ए मध्ये दाखवायची. एकाच्याच नावावर सगळं दाखवलं की परतावा अडकतो. सांगली-कोल्हापूरहून येऊन इथे नुसता फ्लॅट घेतलेल्यांना हे लागू होत नाही.

मेहुण्याचं मुखत्यारपत्र हा दुसरा खड्डा. दुबईत असाल तर ते भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन त्यांच्यासमोर करा. इंग्लंड-पोर्तुगालमध्ये नोटरी आणि मग अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमाणशिक्का. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागला पाहिजे. सही केल्यापासून नव्हे, पोचल्यापासून. कुरिअरचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तेवढाच असतो. मुद्रांकासाठी उत्तर गोव्यात पणजीचं, दक्षिणेत मडगावचं जिल्हाधिकारी कार्यालय. मजकुरात करार करणे, भाडेकरूची पोलीस पडताळणी, बिलं भरणे, दुरुस्ती करून घेणे एवढंच लिहा. ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून विक्रीचा अधिकार घालू नका. मेहुणा कितीही जवळचा असला तरी.

पडताळणीचा फॉर्म पोलीस स्टेशनला द्यायचाच, टाळू नका. भाडेकरू परदेशी असेल तर त्याच्या मुक्कामाची माहितीही चोवीस तासांत ऑनलाइन द्यायची.

पैसे मात्र मुखत्याराच्या खात्यातून फिरवू नका. भाडं थेट एनआरओत. जुनं साधं बचत खाते अजून तसंच चालू असेल तर आधी ते एनआरओ करून घ्या. परतावाही तिथेच येतो. मेहुण्याला दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम पाठवा आणि पावती मागा. नातं टिकतं ते याने.

मेहुण्याच्या अहवालाचं वेळापत्रक वेगळं बसवायला नको, कराच्या तारखांवर टांगा. दर महिन्याच्या १० तारखेला मेहुण्याकडून एक मेसेज: भाडं आलं का, चलनाचा फोटो, वीजबिलाची पावती. १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर, १५ फेब्रुवारी आणि १५ जूनच्या सुमारास फॉर्म १६ए, म्हणजे कापणीचा दाखला, हातात आलाच पाहिजे. तो आणि २६एएस हा तुमच्या पॅनवरचा करउतारा जुळवा. आकडा दिसत नसेल तर २७क्यू भरलेलं नसेल किंवा त्यात तुमचा पॅन चुकला असेल, आणि ते लगेच दुरुस्त करणं सोपं असतं.

व्हिडिओ वर्षातून दोनदा पुरे, भाडेकरूला आदल्या दिवशी कळवून. एक जुलैत, पाऊस चांगला बसल्यावर: न्हाणीघराचं छत, खिडक्यांच्या खालच्या भिंती, कपाटाची मागची बाजू. मेमधल्या व्हिडिओत सगळी घरं सुंदर दिसतात. दुसरा अकरा महिन्यांच्या कराराच्या दहाव्या महिन्यात, विजेच्या मीटरचा आकडा वाचता येईल इतका जवळून. तो आकडा त्याच दिवशी ताज्या बिलाशी ताडून बघा. अनामत परत करताना भांडण होतं ते बहुतेक त्यावरूनच.