पार्श्वभूमी: ‘एम्बारासादा’ अवघडली कशी?

स्पॅनिश शिकणारी एखादी मुलगी वर्गात उशिरा पोहोचते. ओशाळलेपण सांगायला नेमका शब्द आठवत नाही, म्हणून ती इंग्रजीतला ‘एम्बॅरस्ड’ घेते, त्याला स्पॅनिश शेपूट लावते आणि म्हणते, ‘एस्तोय एम्बारासादा’. वाक्य व्याकरणात चोख बसतं, म्हणून ऐकणाऱ्याला चुकीची शंकाही येत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की ही मुलगी गरोदर आहे.

अशा फसव्या जोड्यांना फ्रेंचमध्ये ‘फो आमी’, म्हणजे खोटे मित्र, म्हणतात. मॅक्सिम कोसलेर आणि ज्यूल देरोकिन्यी यांनी 1928 मध्ये फ्रेंच-इंग्रजी जोड्यांवर पुस्तक काढलं, तेव्हापासून ते नाव रूढ झालं. मला मात्र ‘खोटे’ हा शब्द इथे पटत नाही. ‘एम्बारासादा’ आणि ‘एम्बॅरस्ड’ योगायोगाने सारखे दिसत नाहीत, ते एकाच घरातले आहेत.

मूळ क्रियापद स्पॅनिश ‘एम्बारासार’. त्याचा जुना अर्थ अडवणं, अडथळा आणणं, हालचाल जखडून टाकणं. कोशकार त्याचा संबंध पोर्तुगीजमधल्या दोरीच्या किंवा फासाच्या शब्दाशी जोडतात, म्हणजे पाय दोरीत अडकावा तशी कल्पना. हा शब्द स्पॅनिशमधून फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून सतराव्या शतकात इंग्रजीत आला. इंग्रजीतही सुरुवातीला त्याचा अर्थ अडखळवणं, गोंधळात पाडणं असाच होता. कर्जात रुतलेल्या माणसाला इंग्रजीत ‘आर्थिक एम्बॅरसमेंट’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. पुढे अडथळा मनात शिरला. चारचौघांत बोलताना जीभ अडते, काय करावं सुचत नाही, ती अवस्था म्हणजे ‘एम्बॅरस्ड’.

स्पॅनिशमध्ये तोच अडथळा शरीरात राहिला. गरोदर बाईसाठी तिथे लॅटिनमधून आलेला ‘प्रेन्यादा’ हा शब्द होता. तो आज बहुतेक करून जनावरांसाठी वापरतात आणि माणसांच्या बाबतीत कानाला रांगडा लागतो. त्याच्याऐवजी आडून बोलायचा सौम्य शब्द म्हणून ‘एम्बारासादा’ रुळला: जिची हालचाल जड झाली आहे ती.

मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. दिवस भरत आलेल्या बाईला आपण ‘अवघडलेली’ म्हणतो आणि अनोळखी लोकांत बसल्यावर आपल्याला ‘अवघडल्यासारखं’ होतं. जे दोन अर्थ आपल्या एका शब्दात नांदतात, तेच तिकडे दोन भाषांनी वाटून घेतले.

वाटणी पूर्ण झालेली नाही, आणि शिकणाऱ्याची खरी पंचाईत इथेच होते. ‘एम्बारासोसो’ या विशेषणाचा अर्थ स्पॅनिशमध्ये आजही लाजिरवाणा, अवघड करणारा असाच आहे. ‘सितुआस्योन एम्बारासोसा’ म्हणजे पेचात टाकणारा प्रसंग, तिथे गरोदरपणाचा संबंध नाही. म्हणजे प्रसंगाचं वर्णन करताना इंग्रजीवरचा भरवसा कामी येतो आणि त्याच भरवशावर स्वतःबद्दल बोललं की दगा बसतो. फक्त ‘हा शब्द फसवा आहे’ असं वहीत लिहून ठेवणारा योग्य ठिकाणीही तो टाळत बसतो. शब्द त्याच्या वाक्यासकट लिहून ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन. ‘एस्ता एम्बारासादा दे त्रेस मेसेस’, म्हणजे तिला तिसरा महिना आहे, हे एक वाक्य पाठ असलं की गल्लत होत नाही. लिहितानाही एक खूण आहे: इंग्रजी शब्दात दोन ‘आर’ आणि दोन ‘एस’ असतात, स्पॅनिशमध्ये एकच ‘आर’ आणि पुढे ‘झेड’.

मग उशिरा आलेल्या मुलीने काय म्हणायचं? ‘मे दा बेर्ग्वेन्सा’, मला लाज वाटते. हे कुठेही चालतं. मेक्सिको, कोलंबियात त्याच भावनेसाठी ‘मे दा पेना’ सर्रास ऐकू येतं, पण स्पेनमध्ये ‘पेना’ म्हणजे वाईट वाटणं, कीव येणं. तिथे ‘मे दा पेना’ म्हणणारी मुलगी ओशाळलेली नाही, दुःखी वाटेल. इथे तर इंग्रजीचा काहीच दोष नाही, स्पॅनिशच स्पॅनिशशी जुळत नाही.

‘कोन्स्तिपादो’ची गोष्ट याहून लहान आहे. ‘दाबून घट्ट करणं’ या अर्थाचं लॅटिन क्रियापद दोन्ही भाषांनी घेतलं. इंग्रजीने ते पोटाला लावलं, स्पेनमध्ये ते नाकाला लागलं. तिथे ‘एस्तोय कोन्स्तिपादो’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. बद्धकोष्ठासाठी शब्द वेगळा आहे, ‘एस्त्रेन्यिदो’, आणि औषधाच्या दुकानात उभं राहण्याआधी तो माहीत असलेला बरा.