माणूस आणणाऱ्याला पैसे कधी द्यायचे? सोलापुरातल्या ओळखीच्या भरतीची पार्श्वभूमी

युनिफॉर्म आणि टॉवेलच्या कारखान्यांत कामगाराने आपल्या ओळखीचा माणूस आणला तर त्याला बक्षीस देण्याची योजना आखताना मालक मंडळी तिच्याकडे पुण्याच्या आयटी कंपन्यांकडून आलेली नवी गोष्ट म्हणून पाहतात. सोलापूरला ती नवी नाही. इथे ओळखीने भरती शंभर वर्षांहून जास्त काळ चालत आली आहे. फरक इतकाच की तेव्हा पैसा उलट्या दिशेने वाहायचा.

गावात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. माणसे लावण्याचे काम जॉबरकडे गेले. भरती, रजा, गैरहजर माणसाच्या जागी बदलीवर कुणाला घ्यायचे आणि कुणाला घरी बसवायचे, सगळे त्याच्या हातात. माणूस कामाला लागला की त्याने जॉबरला दस्तुरी द्यायची, आणि गावाहून परत आला की पुन्हा द्यायची. त्यामुळे खात्यातली माणसे टिकण्यात जॉबरचा फायदा नव्हता. माणसे येत-जात राहिली तरच त्याची कमाई. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात भरती आणि बडतर्फी जॉबरकडून काढून घ्यावी आणि त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूरच्या गिरण्यांसाठी बदली कामगारांची नोंद ठेवून त्या यादीतून माणसे पाठवण्याची सरकारी योजना आली. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा जास्त माणसे असलेल्या खासगी आस्थापनांना ठरावीक प्रकारच्या रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक झाले. कळवायच्या, एवढेच. माणूस तिथूनच घ्या, असे त्या कायद्याने कधीच म्हटले नाही.

गिरण्या बंद पडल्या आणि काम यंत्रमागांवर गेले. पूर्व भागातल्या एका शेडमध्ये दहा-वीस माणसे, त्यातली निम्मी एकमेकांचे मेहुणे नाहीतर साडू. तिथे वेगळ्या योजनेची गरजच नव्हती. कसबी कारागीर हवा तर त्याच्या अंगावरची आधीच्या मालकाची उचल फेडायची आणि त्याला आपल्याकडे आणायचे, असा रिवाज या धंद्यात मुरलेला आहे. आजही बक्षिसाची योजना जाहीर झाली की काही कामगार बक्षिसाला उचलच समजतात. नवा माणूस सोडून गेला तर ते पैसे आपल्या पगारातून वळते होतील, या धास्तीने ते कुणाचे नावच सुचवत नाहीत. योजनेच्या कागदावर पहिली ओळ याच शंकेचे उत्तर देणारी हवी.

युनिफॉर्मचा धंदा वाढला तेव्हा प्रश्नाचे रूप पालटले. शंभर-दीडशे मशीनच्या हॉलमध्ये मालकाला प्रत्येकाचे घर माहीत नसते. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम पंचवीस-तीस शिलाई कामगार लागतात. गेटवरच्या पाटीने तेवढे मिळत नाहीत. मग हॉलमधल्यांनाच सांगितले जाते, तुमच्या ओळखीतले आणा.

इथे खरा वाद सुरू होतो. तो बक्षिसाच्या रकमेवर नसतो, तारखेवर असतो.

माणूस हजर झाला त्याच दिवशी पैसे द्यावेत, असे सुपरवायझर लोकांचे म्हणणे. आम्ही माणूस आणला, पुढे टिकवणे कंपनीचे काम. हे ऐकायला रास्त वाटते. पण हजर होण्यावर पैसे ठेवले की आपण जॉबरचे जुने गणित पुन्हा मांडतो. जितकी ये-जा तितकी कमाई. काही महिन्यांतच एका कारखान्यातून सुटलेला माणूस दुसऱ्यात, तिथून परत पहिल्यात, आणि दर खेपेला कुणीतरी बक्षीस घेतो. दुसऱ्या टोकाला अकाउंट्सवाले असतात. त्यांना वर्ष पूर्ण झाल्यावरच पैसे द्यायचे असतात. मग शिलाईवरची बाई विचारते, वर्षभरानंतर मी तरी इथे असेन का? आणि ती नाव सुचवत नाही. तिसरी सूचना वसुलीची येते: आधी द्या, माणूस गेला तर कापून घ्या. ही सर्वांत वाईट. मजुरीतून काय कापता येते याची यादी कायद्याने ठरवून दिलेली आहे, आणि दुसऱ्याने नोकरी सोडली हे कारण तिच्यात बसवणे अवघड आहे.

माझ्या मते रक्कम दोन हप्त्यांत द्यावी आणि हप्ते कॅलेंडरवर नव्हे, हजेरीवर मोजावेत. नव्या माणसाचे २६ हजेरीचे दिवस भरले की पहिला हप्ता आणि १३० भरले की दुसरा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, एप्रिल-मेमध्ये लग्ने, आषाढात वारी. आपल्याकडे माणूस आठ दिवस गेला म्हणजे त्याने काम सोडले असे होत नाही. कॅलेंडर धरले तर अर्धा वेळ घरी बसलेलाही सहा महिन्यांचा होतो आणि त्याच्या नावाने बक्षीस निघते. हजेरी मस्टरवर दिसते, तिथे वाद उरत नाही.

या नियमाला दोन पुरवण्या हव्यात. हंगाम संपल्यावर कंपनीनेच जुलैमध्ये माणूस कमी केला तर दुसरा हप्ता पूर्ण द्यायचा, कारण ऑर्डर संपल्या यात सुचवणाऱ्याचा दोष नाही. हे कलम नसेल तर पुढच्या फेब्रुवारीत कुणी नाव देणार नाही. आणि सुचवणारा स्वतः सोडून गेला, तरी त्याच्या माणसाचे दिवस भरल्यावर त्याचा हप्ता द्यायचा. यावर मालक हमखास अडतात. पण जाणाऱ्याचा हप्ता बुडवला की तो जाताना आणलेला माणूसही सोबत घेऊन जातो.

बक्षीस टिकण्याशी जोडल्याने सुचवले जाणारे माणूसही बदलते. कोलकात्यात केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना माणूस आणल्याबद्दल ठरावीक रक्कम होती, तर काहींची रक्कम आणलेल्याच्या कामावर अवलंबून होती. दुसऱ्या गटाने नातेवाईक कमी आणले आणि सोबत काम केलेली माणसे जास्त. मात्र चांगली निवड करणे जमले ते स्वतः कामात हुशार असलेल्यांनाच. म्हणजे पैशाने नियत बदलते, पारख येत नाही.

म्हणूनच तारीख नीट ठरवूनही योजना सोयऱ्या-धायऱ्यांत अडकू शकते. ते कसे, हे पाहण्यासाठी एक कारखाना धरू. १४० कामगार. त्यातले ८४, म्हणजे ६० टक्के, एकाच भागातले आणि एकाच भाषेचे. उरलेले ५६ इतर. प्रत्येक जण फक्त आपल्यातलाच माणूस सुचवतो असे समजू. वर्षात ३० नावे आली, तर साधारण १८ पहिल्या गटाची आणि १२ दुसऱ्याची. या टप्प्यावर तोल बिघडलेला नाही. ६०-४० चे प्रमाण जसेच्या तसे गोठले आहे. शहरात शिलाई येणारे कितीही प्रकारचे लोक असोत, हॉल कालच्यासारखाच राहतो, आणि ज्यांचे आत कुणीच नाही त्यांना दार नाही.

बिघाड पुढच्या पायरीवर होतो. लाइन सुपरवायझर बहुधा मोठ्या गटातले असतात आणि चाचणीही तेच घेतात. त्यांच्या ओळखीच्या १८ पैकी १२ लागले आणि इतरांच्या १२ पैकी ४, तर १६ नव्या माणसांत १२ जण एकाच गटाचे झाले. ७५ टक्के. बक्षीस सगळ्यांना सारखे आहे, नियमात कुठेही खोट नाही, आणि तरी हंगामागून हंगाम हॉल एका कुटुंबाचा होत जातो. छोट्या गटातले लोकही समजायचे ते समजतात. आपले माणूस लागत नाही हे दिसले की ते नाव देणे थांबवतात, आणि मग कार्यालय म्हणते, त्यांच्याकडून नावेच येत नाहीत.

मस्टर न उघडताही हे कळते. एका घरचे लग्न असले की त्या दिवशी अख्खी लाइन रिकामी राहते. एका सुपरवायझरने दुसरा कारखाना धरला की आठवड्याभरात त्याच्यामागे सात-आठ जण जातात. तिसरी खूण म्हणजे नवीन माणसाची चूक कुणीच सांगत नाही. कॉलर उलटी बसलेले शर्ट थेट तपासणीच्या टेबलावर सापडतात.

उपाय चाचणीच्या खोलीत करावा लागतो. उमेदवाराला नंबर द्यायचा. कॉलर बसवणे, खिसा लावणे, एक सरळ शिवण अशी ठरलेली कामे ठरलेल्या वेळेत करून घ्यायची. गुण लिहून सही झाल्यावरच सुचवणाऱ्याचे नाव उघडायचे. परीक्षक दुसऱ्या लाइनचा हवा. सुपरवायझरने आपल्याच लाइनसाठी माणूस आणला तर आणू द्यावा, पण त्याला बक्षीस नाही. हे शेवटचे कलम सगळ्यांत कडू आहे आणि वाटाघाटीत सगळ्यांत आधी हेच उडते. ते उडाले तर बाकीची योजना कागदावर राहिली तरी काही उपयोग नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

दुसरा भाग गेटचा. दर तीन जागांपैकी एक जागा शिफारसीविना भरायची: गेटवरची पाटी, आयटीआय, सेवायोजन कार्यालय. पाटी मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही लावायची. बायकांच्या बाबतीत इथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. शिलाईवर बायका भरपूर असतात, पण कटिंग मास्तर पुरुष, आणि मास्तर मास्तरलाच ओळखतो. आफ्रिकेतल्या मालावीत झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसले. कुणालाही सुचवा म्हटल्यावर पुरुषांनी बहुतेक पुरुषांचीच नावे दिली, चांगल्या बायका ओळखीत असूनही. म्हणून कटिंगसाठीची गेटची जागा मुद्दाम राखून ठेवावी.

रक्कम सगळ्या कामांना एकच असावी. मास्तरासाठी पाच हजार आणि हेल्परसाठी पाचशे ठेवले की ज्यांच्या ओळखी वरच्या, त्यांनाच योजना लाभते. एकूण तीन हजार धरले तर पहिला हप्ता एक हजार, दुसरा दोन हजार, दोन्ही पगारपत्रकावर दाखवून. पाकिटातून दिलेला पैसा हिशेबात येत नाही, आणि कुणाला मिळाला, कुणाला नाही, याची कुजबुज मात्र महिनाभर चालते.

एक जागा अजून उघडी आहे. हंगामातली बरीच माणसे आता ठेकेदारामार्फत येतात. ती कंपनीच्या मस्टरवर नसतात, त्यामुळे त्यांना ही योजना लागू होत नाही. ठेकेदाराला माणशी, दिवसाप्रमाणे पैसे मिळतात, आणि माणूस कुणी निवडला, त्याच्याकडून काही घेतले का, हे कंपनी विचारत नाही. लेबर ऑफिसरचे पद ज्या कारणासाठी सुचवले गेले ते काम तिथे पुन्हा कुणाकडेच नाही. ठेक्याच्या करारात भरतीसाठी कामगाराकडून पैसे न घेण्याचे कलम टाकणे आणि महिन्यातून एकदा त्या कामगारांना थेट विचारणे, एवढे तरी कंपनीला आजही करता येते.