तरत्या व्याजदराचे गृहकर्ज : दरवाढीनंतर हप्ता आणि मुदत

तरत्या म्हणजे फ्लोटिंग व्याजदराच्या गृहकर्जात दर वाढला की बँकेपुढे दोन वाटा असतात. मासिक हप्ता वाढवायचा, किंवा हप्ता तोच ठेवून तो भरण्याची वर्षे वाढवायची. दोन्हींचे मिश्रणही करता येते. हप्ता वाढला तर तो पुढच्याच महिन्यात पासबुकात दिसतो. मुदत वाढली तर रोजच्या व्यवहारात काहीच बदलत नाही, त्यामुळे ती बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. या नोंदीचा भर म्हणूनच मुदतीवर आहे.

भारतात १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जे एखाद्या बाह्य मानकाशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, निवडला. रेपो बदलला की कर्जाचा दर जास्तीत जास्त तीन महिन्यांत बदलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो सहा टप्प्यांत ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. म्हणजे २०२२च्या सुरुवातीला कर्ज घेतलेल्यांचा दर वर्षभराच्या आत अडीच टक्क्यांनी चढला. गोव्यात पर्वरी, म्हापसा, फोंडा, मडगाव या भागांत त्या सुमारास फ्लॅट घेतलेल्या अनेकांना हा अनुभव आला.

वाढीचा परिणाम समजण्यासाठी हप्त्याच्या पोटात पाहावे लागते. दर महिन्याला बँक उरलेल्या मुद्दलावर त्या महिन्याचे व्याज लावते. हप्त्यातून आधी ते व्याज वजा होते आणि उरलेली रक्कम मुद्दलात जाते. मुद्दलात जाणारा हा भागच कर्ज संपवतो. दर वाढतो तेव्हा व्याजाचा वाटा फुगतो आणि मुद्दलाचा वाटा आक्रसतो. सुरुवातीच्या वर्षांत तो आधीच लहान असल्याने थोड्या दरवाढीनेही त्याचा मोठा हिस्सा नाहीसा होतो.

उदाहरण म्हणून फोंड्यातील एक शिक्षिका घेऊ. वय ३९, कर्ज ३० लाख रुपये, मुदत २० वर्षे म्हणजे २४० हप्ते, दर ७ टक्के. हप्ता येतो २३,२५९ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज १७,५०० रुपये, त्यामुळे मुद्दलात ५,७५९ रुपये जातात. आता हिशेब सोपा राहावा म्हणून असे मानू की दर लगेच ८ टक्के झाला. व्याज २०,००० रुपये होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात फक्त ३,२५९ रुपये पोचतात. दर एकच टक्का वाढला, पण कर्ज फेडण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला.

मुदत २४० ठेवायची तर हप्ता २५,०९३ रुपये करावा लागतो, म्हणजे महिन्याला १,८३४ रुपये जास्त. हप्ता तोच ठेवला तर २९६ हप्ते लागतात, म्हणजे चार वर्षे आठ महिने जास्त. पहिल्या वाटेने एकूण व्याज साधारण ३० लाख २२ हजार भरावे लागते, दुसऱ्या वाटेने ३८ लाख ७९ हजार. महिन्याचे १,८३४ रुपये आज वाचवण्याची किंमत साडेआठ लाखांहून थोडी अधिक आहे.

मुदत वाढण्याचा वेग सारखा नसतो, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्याच २३,२५९ रुपयांच्या हप्त्यावर ७.५ टक्क्यांना २६४ हप्ते लागतात, ८ टक्क्यांना २९६, ८.५ टक्क्यांना ३४७ आणि ९ टक्क्यांना ४५९. पहिल्या अर्ध्या टक्क्याने दोन वर्षे वाढली, तर शेवटच्या अर्ध्या टक्क्याने नऊ वर्षांहून जास्त. हप्त्याचे तसे नाही. २४० हप्ते कायम ठेवले तर प्रत्येक अर्ध्या टक्क्याला हप्ता नऊशे-हजार रुपयांच्या आसपासच वाढतो. हप्ता जवळपास सरळ रेषेत चढतो आणि मुदत उत्तरोत्तर वेगाने पळते.

९.५ टक्क्यांना तर मुदतीचा हिशेब लागतच नाही. ३० लाखांवर महिन्याचे व्याज २३,७५० रुपये होते आणि हप्ता आहे २३,२५९. प्रत्येक हप्ता वेळेवर भरूनही पहिल्याच महिन्यात कर्ज ४९१ रुपयांनी वाढेल, आणि पुढच्या महिन्यात त्या वाढीवरही व्याज लागेल. मुद्दल फुगण्याची ही अवस्था कोणत्या दराला येते हे आधी काढता येते : वर्षभराच्या हप्त्यांची बेरीज उरलेल्या मुद्दलाने भागायची. इथे २,७९,१०८ भागिले ३०,००,००० म्हणजे सुमारे ९.३ टक्के. आपला दर या आकड्याच्या जितका जवळ, तितकी मुदत लांबच लांब जाते. आपला हा आकडा प्रत्येक कर्जदाराने काढून ठेवावा असे या नोंदकर्त्याला मनापासून वाटते, कारण त्यासाठी साधा भागाकार पुरतो.

संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये बाकीचे दोन्ही आकडेही लगेच मिळतात. पहिले सूत्र उरलेले हप्ते देते आणि दुसरे नवा हप्ता :

```
=NPER(8%/12, -23259, 3000000)
=PMT(8%/12, 240, -3000000)
```

पहिल्याचे उत्तर २९५.८ च्या आसपास येते, कारण शेवटचा हप्ता अपुरा असतो. दर ९.५ टक्के घातला तर उत्तराऐवजी चूक दाखवली जाते. ती सूत्रातली चूक नसते, त्या हप्त्याने कर्ज फिटणारच नाही एवढाच तिचा अर्थ.

कर्ज जुने असेल तर चित्र पालटते. वरच्याच कर्जाची पंधरा वर्षे ७ टक्क्यांनी फेडून झाली असतील तर मुद्दल सुमारे ११ लाख ७५ हजार उरते आणि ६० हप्ते बाकी असतात. तेव्हा दर ८ टक्के झाला तर ६० चे ६२ हप्ते होतात, किंवा हप्ता साडेपाचशे रुपयांच्या आसपास वाढतो. म्हणून शेजाऱ्याची मुदत किती वाढली यावरून आपली ताडता येत नाही. दर आणि रक्कम सारखी असली तरी कर्जाचे वय वेगळे असते.

मुदत वाढवण्याला वयाची भिंत आहे. नोकरदाराचे कर्ज निवृत्तीपर्यंत संपावे असा बँकांचा सर्वसाधारण आग्रह असतो. आपल्या शिक्षिकेचे कर्ज ५९व्या वर्षी संपणार होते. साठीची मर्यादा धरली तर मुदतीत वाढायला फक्त बारा हप्त्यांची जागा आहे आणि गरज आहे ५६ हप्त्यांची. म्हणून तिला मिश्र वाट मिळते : २५२ हप्ते आणि हप्ता २४,६१३ रुपये. मुदत वर्षभराने वाढली, तरीही हप्ता १,३५४ रुपयांनी चढलाच. एक वर्ष वाढवून पूर्ण वाढीतले जेमतेम ४८० रुपये कमी झाले. कर्ज घेतानाच मुदत निवृत्तीला टेकवली असेल, तर दरवाढीचा सगळा भार हप्त्यावरच येतो.

तिसरी वाट म्हणजे मुद्दलात एकरकमी भरणा. ८ टक्के दर झाल्यावर सुरुवातीलाच एक लाख रुपये भरले, तर २९६ हप्त्यांचे २६८ होतात. म्हणजे एका लाखात २८ हप्ते टळले. सुमारे दोन लाख १९ हजार भरले तर हप्ता आणि २४० ची मुदत, दोन्ही जशीच्या तशी राहतात. गोव्यातल्या अनेक घरांना ही वाट मानवते, कारण तिथे पैसा दर महिन्याला सारखा येत नाही. सत्तरी तालुक्यातल्या काजूचे किंवा फोंड्याच्या बाजूच्या कुळागरातील सुपारीचे पैसे हंगामात एकदम हाती येतात. कळंगुटच्या टॅक्सीवाल्याची कमाई पर्यटनाच्या मोसमात होते आणि पावसाळ्यात ओसरते. अशा घराने हप्ता वाढवला तर जुलै-ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या खर्चाच्या तोंडावर, तो जड जातो. हप्ता तोच ठेवून मोसम संपताना मुद्दलात भरणा करणे त्याला सोपे पडते. व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या तरत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड बँकेला लावता येत नाही. भरणा करताना तो मुद्दलात जमा करून मुदत कमी करावी, असे अर्जात स्पष्ट लिहावे लागते. नाहीतर मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला जाण्याची शक्यता असते, किंवा रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरली जाते आणि व्याज फारसे वाचत नाही.

कर्जदाराला विचारल्याशिवाय मुदत वाढवली जाते, अशा तक्रारी २०२२-२३ च्या दरवाढीत वाढल्या. त्यानंतर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले आणि वर्षअखेरपर्यंत ते जुन्या कर्जांनाही लागू करायला सांगितले. त्यानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याची निवड कर्जदाराला द्यावी लागते. मुदत इतकी ताणता येत नाही की मुद्दल फुगू लागेल. दर तिमाहीला विवरणही द्यावे लागते. त्यात आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असतो. नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत. रेपोशी दर जोडण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर नाही, त्यामुळे त्यांचे दर वेगळ्या वेळी आणि वेगळ्या मापाने हलू शकतात. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथे कर्जाच्या करारात काय लिहिले आहे तेच पाहावे लागते.

विवरणात सर्वांत आधी पाहायचा आकडा म्हणजे उरलेल्या हप्त्यांची संख्या. ती तिमाहीत तीनने कमी व्हायला हवी. तशी झाली नाही, किंवा उलट वाढली, तर मुदत ताणली गेली आहे. दुसरी खूण मुद्दलाच्या रकान्यात दिसते : हप्ता नियमित जात असूनही दर महिन्याला मुद्दलाची घट पूर्वीपेक्षा लहान होत असेल, तर दरवाढ हप्त्यातून वसूल झालेली नाही, ती वर्षांतून वसूल होणार आहे.

दर उतरला की हेच गणित उलट फिरते. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो खाली येऊ लागला आणि त्या डिसेंबरात ५.२५ टक्क्यांपर्यंत आला. दर कमी होताना हप्ता तोच राहिला तर ताणलेली वर्षे परत आक्रसतात. हप्ता कमी करून घेतला तर ती तिथेच राहतात. दरवाढीत ज्यांची मुदत वाढली होती त्यांनी अशा वेळी उरलेल्या हप्त्यांचा आकडा मूळ वेळापत्रकाशी ताडून पाहावा, आणि तो मूळ आकड्याला येईपर्यंत हप्ता उतरवू नये.