एकच तक्ता दोन्ही टोकांना : जीपीटी-२ मधलं वेट टायिंग

मजकुरात पुढचा शब्द कोणता याचा अंदाज करणाऱ्या जीपीटी-२ चं सगळ्यात छोटं मॉडेल २०१९ मध्ये आलं, त्यात सुमारे १२ कोटी ४४ लाख पॅरामीटर आहेत, म्हणजे ट्रेनिंगमध्ये हळूहळू बदलत जाणारे आकडे. त्यातले ३ कोटी ८६ लाख एकट्या एका तक्त्यात आहेत. बारा लेयर, अटेन्शन वगैरे सगळी यंत्रणा बाजूला ठेवली तरी जवळजवळ ३१ टक्के मॉडेल म्हणजे हा एक तक्ता, आणि त्याची खरी गंमत अशी की तो दोनदा वापरला जातो, एकदा अगदी सुरुवातीला आणि एकदा अगदी शेवटी.

तक्ता काय आहे ते आधी बघू. मॉडेलला मजकूर तुकड्यांत मिळतो, त्या तुकड्याला टोकन म्हणतात, आणि जीपीटी-२ कडे असे ५०,२५७ टोकन आहेत. प्रत्येक टोकनची एक ओळ, प्रत्येक ओळीत ७६८ आकडे. टोकन आत आलं की त्याची ओळ उचलायची आणि पुढे पाठवायची, बस, हे झालं इनपुट एम्बेडिंग. मग त्या ओळीवर बारा लेयर काम करतात आणि शेवटी परत ७६८ आकड्यांची एक ओळ बाहेर पडते, जिच्यात 'आता पुढे काय यायला हवं' याचा अंदाज असतो. पण अंदाज आकड्यांत असून भागत नाही, त्यातून टोकन निवडायला हवं, म्हणून ती ओळ प्रत्येक टोकनच्या एकेका ओळीशी जुळवून बघतात (आकड्याला आकडा गुणायचा आणि सगळ्याची बेरीज करायची), ५०,२५७ स्कोअर मिळतात आणि सॉफ्टमॅक्स त्यांच्या शक्यता करतो. आता या शेवटच्या कामालाही ५०,२५७ गुणिले ७६८ असाच तक्ता लागतो. दोन वेगळे ठेवले असते तर मॉडेल १६ कोटी ३० लाखांवर गेलं असतं. जीपीटी-२ मध्ये दोन्हीकडे तोच आहे, यालाच वेट टायिंग म्हणतात.

हे सुचलं २०१६ मध्ये, जीपीटी-२ ज्या रचनेवर उभं आहे ती ट्रान्सफॉर्मर यायच्या आधी, आणि साधारण एकाच काळात दोन ठिकाणी: एकीकडे ऑफिर प्रेस आणि लिओर वुल्फ, दुसरीकडे हकान इनान, खशायार खोस्रवी आणि रिचर्ड सोकर. तेव्हा एलएसटीएम या जुन्या रचनेचा जमाना होता, आणि प्रेस-वुल्फ यांच्या पेपरमधलं मोठं मॉडेल ६ कोटी ६० लाखांवरून ५ कोटी १० लाखांवर आलं, कारण १०,००० शब्द गुणिले १५०० आकडे असा एक अख्खा तक्ताच उडाला. आणि मॉडेल लहान होऊनही भाकीत सुधारलं! माझ्या मते विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे, मेमरी वाचणं त्यामानाने किरकोळ. आकडे कमी करून मॉडेल सुधारतं म्हणजे आधी तिथे काहीतरी वाया जात होतं.

काय वाया जात होतं ते ट्रेनिंगमध्ये बघितलं की कळतं. इनपुट बाजूला एखादी ओळ कधी बदलते? ते टोकन मजकुरात आलं तरच. १०२४ टोकनचा उतारा घेतला तर जास्तीत जास्त १०२४ ओळींना धक्का लागतो, बाकीच्या ४९ हजारांहून जास्त ओळी त्या उताऱ्यातून काहीच शिकत नाहीत. आउटपुट बाजूचं उलटं आहे, तिथे प्रत्येक जागी सगळ्याच्या सगळ्या ओळी हलतात. समजा वाक्य आहे 'काल रात्री कोकणात जोरदार' आणि पुढचा खरा शब्द 'पाऊस', मॉडेलने पाऊसला ०.२ शक्यता दिली आणि गाराला ०.०५. मग पाऊसची ओळ मॉडेलच्या अंदाजाच्या दिशेने ०.८ जोराने ओढली जाते, गाराची ०.०५ जोराने लांब ढकलली जाते, आणि बाकी प्रत्येक टोकन आपापल्या शक्यतेएवढं ढकललं जातं, भले ते कितीही नगण्य असो. म्हणजे क्वचित येणाऱ्या शब्दाची इनपुट ओळ ट्रेनिंग संपेपर्यंत जवळपास कोरीच राहू शकते, आउटपुट ओळ मात्र सतत काहीतरी शिकत असते. तक्ता एक केला की ते शिक्षण इनपुटलाही आपोआप मिळतं.

पण मग एक झालेला तक्ता कुणासारखा दिसतो? दोन्हींच्या मधला नाही. प्रेस आणि वुल्फ यांनी तुलना केली तेव्हा तो वेगळ्या ठेवलेल्या मॉडेलच्या आउटपुट तक्त्याशी जास्त जुळला. साहजिक आहे, जी बाजू प्रत्येक पावलाला सगळ्या ओळी हलवते तिचंच वजन जास्त पडणार.

इथेच तोटाही आहे. मधले लेयर काढून टाकले असं समजा, ओळ आत गेली आणि तशीच बाहेर आली, तर 'सिंधु' नंतर 'दुर्ग' यायचा स्कोअर आणि 'दुर्ग' नंतर 'सिंधु' यायचा स्कोअर एकच येणार, कारण दोन ओळींचा गुणाकार कुठूनही केला तरी तोच. भाषा तशी नसते. शिवाय ओळ स्वतःशीच सगळ्यात जास्त जुळते, म्हणजे आत आलेलं टोकनच परत बोलण्याकडे कल. हे सगळं वळवायचं काम मधल्या लेयरना करावं लागतं आणि त्यात त्यांची थोडी ताकद जाते.

कोडमध्ये हे एका ओळीचं काम आहे, त्यात `wte` म्हणजे इनपुटचा तक्ता आणि `lm_head` म्हणजे आउटपुटचा, दोन्ही तक्त्यांचा आकारही सारखाच असतो त्यामुळे उलटापालट काही करावी लागत नाही:

```python
self.lm_head.weight = self.transformer.wte.weight
```

गडबड होते ती सुरुवातीच्या आकड्यांत. पायटॉर्चचं `nn.Embedding` डिफॉल्टने १ पसरणीचे रँडम आकडे भरतं, इनपुटला ते चालून जातं, पण आउटपुटला फार मोठे पडतात. आत आलेली ओळ लेयरमधून फारशी न बदलता बाहेर येते आणि स्वतःशी जुळून ७६८ च्या आसपास स्कोअर घेते, बाकीच्यांचे स्कोअर साधारण २८ इतके वरखाली, म्हणजे मॉडेल छातीठोकपणे तेच टोकन परत सांगतं आणि पहिल्याच पावलाला लॉस, म्हणजे चुकीचं माप, शेकड्यांत दिसतो. काहीच न शिकलेल्या मॉडेलचा लॉस ५०,२५७ च्या नैसर्गिक लॉगएवढा, म्हणजे १०.८ च्या आसपास हवा. जीपीटी-२ मध्ये आकडे ०.०२ पसरणीने भरतात आणि लॉस ११ च्या जवळ सुरू होतो. त्यामुळे ट्रेनिंग लावलं की पहिला लॉस बघाच, तिथेच कळतं.

दुसरी चूक जास्त लपून बसते. कोणी `nn.Parameter(wte.weight.clone())` करून तक्ता दिला, किंवा नवीन टोकन वाढवताना दोन्ही तक्ते हाताने वेगवेगळे बनवले, तर दोन्ही तक्ते दिसायला सारखे पण प्रत्यक्षात वेगळे होतात आणि ट्रेनिंगमध्ये एकमेकांपासून लांब जातात, एरर काही येत नाही. तपासायचं असं:

```python
model.lm_head.weight is model.transformer.wte.weight
```

`True` आलं पाहिजे. आकडे सारखे आहेत का हे तपासून उपयोग नाही, कॉपीचेही सुरुवातीला सारखेच असतात.

आणखी एक गैरसमज, तक्ता एक केल्याने मॉडेल फास्ट होत नाही, शेवटचा ५०,२५७ ओळींचा गुणाकार करावाच लागतो. वाचते ती जागा, आणि ती किती मोलाची हे मॉडेलच्या साइझवर आहे. लामा ३.२ च्या १ अब्जवाल्या मॉडेलमध्ये १,२८,२५६ गुणिले २०४८ असा तक्ता आहे, २६ कोटींहून जास्त, म्हणजे मॉडेलचा साधारण पाचवा हिस्सा, तिथे तो एकच ठेवलाय. लामा ३ च्या ८ अब्जवाल्यात असा एक तक्ता ५२ कोटींच्या वर जातो तरी दोन वेगळे ठेवलेत, बहुधा कारण एकूणात तो साडेसहा टक्केच भरतो आणि ट्रेनिंगचा मजकूर इतका प्रचंड असतो की क्वचित टोकनलाही पुरेसं शिकायला मिळतं, मग दोन्ही बाजूंना आपापलं वळण घेऊ दिलेलं परवडतं. तयार मॉडेलमध्ये मराठीचे नवे टोकन घालायचे असतील तर मात्र हा फरक लगेच जाणवतो: टाय केलेल्या मॉडेलमध्ये नव्या टोकनला एकच ओळ शिकवायची असते आणि ती आउटपुटकडून पहिल्या पावलापासून हलायला लागते, वेगळे तक्ते असतील तर दोन ओळी लागतात आणि इनपुटवाली ओळ तो शब्द मजकुरात येईपर्यंत जिथल्या तिथे थांबून राहते.